कॉफी नको, हे एका शब्दात

प्रश्न: बहुसंश्लेषी (पॉलिसिंथेटिक) भाषांमध्ये एक शब्द म्हणजे अख्खं वाक्य असतं, असं वाचलं. पण मग ते मधल्या जागा न सोडता लिहिलेलं वाक्यच झालं ना? आपल्याकडे संस्कृतातले लांबलचक समास असतात, त्यापेक्षा यात वेगळं काय? आणि बोलणारी माणसं एवढे शब्द पाठ कसे करतात?

उत्तर:

मी ग्रीनलंडच्या कलाल्लिसुत भाषेवरून उत्तर देते. वीसेक वर्षं शब्दरचना शिकवताना सगळ्यात जास्त हात याच भाषेत चालला आहे. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ती प्रामुख्याने बोलली जाते, सुमारे ५० हजार लोकांची ती भाषा आहे आणि २००९ पासून तिथली एकमेव अधिकृत भाषाही आहे. म्हणजे शाळा, बातम्या, सरकारी पत्रं, दुकानातलं बोलणं या सगळ्यात ती वापरली जाते.

समजा, तुम्ही ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकमध्ये, कुणाकडे गेलात आणि यजमानांनी विचारलं, ‘कफ्फिसोरुसुप्पित?’ म्हणजे ‘कॉफी घ्यायची इच्छा आहे का तुम्हाला?’ तुम्हाला नको असेल तर उत्तर द्यायचं, ‘कफ्फिसोरुसुङ्ङिलङा.’ प्रश्न एका शब्दाचा आणि उत्तरही एका शब्दाचं. (‘वाङ्मय’ सोडलं तर आपण ङ फारसा लिहीत नाही, इथे तो पावलोपावली लागतो.)

हा शब्द एकेक वीट ठेवत बांधू.

‘कफ्फि’ म्हणजे कॉफी, डॅनिशमधून आलेला शब्द. त्याला ‘-सोर-’ जोडलं की ‘कॉफी पिणे’ हे क्रियापद तयार होतं. शेवटी ‘-पुङा’ म्हणजे ‘मी’. कफ्फिसोरपुङा, मी कॉफी पितोय किंवा पितेय. आता ‘-सोर-’ आणि ‘-पुङा’ यांच्या मध्ये ‘-रुसुक-’ घाला, म्हणजे ‘इच्छा असणे’. झालं ‘कफ्फिसोरुसुप्पुङा’, मला कॉफी प्यावीशी वाटते. त्यानंतर नकाराचा तुकडा घाला, ‘-ङ्ङि-’. नकार आला की शेवटचा ‘मी’ही रूप बदलतो, ‘-पुङा’चा ‘-लङा’ होतो. कफ्फिसोरुसुङ्ङिलङा, मला कॉफी प्यावीशी वाटत नाही.

यातला ‘-सोर-’ नीट पाहा, समासाशी असलेला फरक तिथेच आहे. समासातला प्रत्येक तुकडा एरवी स्वतंत्रपणे जगणारा शब्द असतो. ‘जलविद्युतप्रकल्प’ फोडला तर जल, विद्युत, प्रकल्प हे तिन्ही आपापले सुटे वापरता येतात. ‘-सोर-’ मात्र सुटा कधीच सापडत नाही. ‘खाणे’साठी कलाल्लिसुतमध्ये ‘नेरि-’ हा स्वतंत्र धातू आहे, ‘नेरिवोक़’ म्हणजे तो किंवा ती खाते. (क़ हा घशात खोलवर उच्चारायचा, उर्दूतल्या ‘क़लम’सारखा.) ‘-सोर-’चा अर्थही ‘खाणे-पिणे’ असाच भरभक्कम आहे, पण तो नामाच्या पाठीवर बसूनच येतो. कुणी विचारलं, ‘काय करतोयस?’ तर नुसतं ‘सोरपुङा’ असं उत्तर देता येत नाही, ऐकणाऱ्याला तो शब्दच वाटणार नाही. आपल्याला प्रत्यय म्हटलं की ‘ला’, ‘ने’, ‘चा’ असले हलके तुकडे आठवतात. इथे ‘खाणे’, ‘बांधणे’, ‘जवळ असणे’, ‘इच्छा असणे’, ‘असं म्हणणे’ असे पूर्ण वजनाचे अर्थ प्रत्ययांनी येतात. शब्दाचा अर्थ वाढवणारे असे प्रत्यय ४००च्या वर आहेत.

दुसरा फरक असा, की समास कितीही लांब झाला तरी तो शेवटी नाव, विशेषण किंवा अव्यय असतो. त्याने काही घडलं असं सांगायला पुढे क्रियापद लागतं. कफ्फिसोरुसुङ्ङिलङामध्ये विधान पुरं झालेलं आहे. कोण, काय आणि हो की नाही, सगळं आत. सकर्मक क्रियापदात तर कर्ता आणि कर्म दोघंही एका अंत्यप्रत्ययात मावतात. ‘असवक्कित’ म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’. ‘अस-’ एवढंच प्रेम आणि ‘-वक्कित’मध्ये मी आणि तू एकत्र. ‘-वक्कित’मधला अमुक भाग ‘मी’चा आणि तमुक ‘तू’चा असं कापून दाखवता येत नाही. आपल्या ‘केलंस’मधला ‘-स’ जसा ‘तू’ची खूण ठेवून जातो, तसंच हे, फक्त इथे जोडीच्या जोडीची खूण आहे.

आता तुमची मुख्य शंका, हे जागा न सोडलेलं वाक्यच का नाही?

वाक्यात शब्दांना हालचाल करता येते. ‘मला आज कॉफी नको’, ‘कॉफी नको मला आज’, ‘नको मला कॉफी आज’, मराठीत सगळं चालतं, आणि मध्ये ‘तर’, ‘बाई’, ‘खरंच’ असं काहीही घुसवता येतं. कफ्फिसोरुसुङ्ङिलङाच्या पोटात सुटा शब्द घुसवता येत नाही. ‘आज’ म्हणायचं असेल तर ते शब्दाच्या आधी किंवा नंतर, बाहेर. तुकडे मनासारखे उलटसुलटही करता येत नाहीत. ‘पण’ जोडायचा असेल तर तोही शब्द पुरता संपल्यावर शेपटीला ‘-लि’ म्हणून लागतो.

याहून पक्का पुरावा ध्वनींचा आहे. कलाल्लिसुतमध्ये शब्दाच्या आत दोन वेगवेगळी व्यंजनं शेजारी राहू शकत नाहीत (र पहिला असेल तेवढा अपवाद). पहिलं व्यंजन दुसऱ्यासारखं होतं. हे आपल्याला नवीन नाही. सत् आणि जन मिळून सज्जन, उत् आणि लास मिळून उल्लास, नेमकं हेच. आता ‘-रुसुक-’ या एकाच तुकड्याची अवस्था पाहा. पुढे ‘प’ आला तर क चा प होतो: रुसुप्पुङा. पुढे ‘त’ने सुरू होणारा प्रत्यय आला तर रुसुत्त- होतं. नकाराचा ‘-ङ्ङि-’ आला तर क गळूनच जातो: रुसुङ्ङि. आणि ‘खरं तर, पण…’ असा सूर लावणारा ‘-गलुअर-’ जोडला तर दोघं मिळून दुहेरी क होतो: कफ्फिसोरुसुक्कलुअर्पुङा, ‘मला कॉफी आवडली असती खरी, पण…’. निघायची घाई असताना यजमानांना दुखवायचं नसेल तर हाच शब्द कामाला येतो.

या क ने मला सुरुवातीला अख्खी दुपार रडवलं होतं. समोरच्या शब्दात ‘रुसुप्प’ दिसत होतं, म्हणून मी प्रत्ययांच्या यादीत ‘रुसुप’ शोधत बसले. तो नाहीच. मग ‘रुसु’ शोधला, तोही नाही. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेली युक्ती आजही मी विद्यार्थ्यांना देते: दुहेरी व्यंजन दिसलं की ते मुळात कुठलं होतं हे तिथेच ठरवू नका. तोच तुकडा वेगवेगळ्या प्रत्ययांच्या आधी कसा येतो ते ताडून पाहा. चुकीच्या जागी कापलंय हे ओळखायची खूणही सोपी आहे. तुमच्या कापणीतून निघालेला तुकडा दुसऱ्या कुठल्याही शब्दात परत भेटत नसेल, तर कात्री चुकली आहे.

गंमत म्हणजे ही दडलेली व्यंजनं पूर्वी लिहिली जात. सॅम्युएल क्लाइनश्मिट या मिशनऱ्याने १८५१ साली या भाषेचं व्याकरण छापलं, आणि त्याच्या लेखनपद्धतीत अशी जोडाक्षरं मूळ व्यंजनांसकट दिसत. आज ‘अल्लप्पोक़’ (तो लिहितो) असा लिहिला जाणारा शब्द तेव्हा साधारण ‘अग्द्लग्पोक़’ असा लिहीत. १९७३च्या सुधारणेने लेखन उच्चाराजवळ आणलं. शाळेतल्या मुलांची त्यात सोय झाली. आमच्यासारख्या तुकडे मोजणाऱ्यांचं काम मात्र वाढलं, कारण सांध्यांच्या खुणा पुसल्या गेल्या.

आणि हे सांधे फक्त शब्दाच्या आतच असे वितळतात. म्हणून शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा निवाडा लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. कागदावर मध्ये जागा सोडली असती तरी ‘रुसुक’चा क गळलेलाच ऐकू आला असता.

पण म्हणून आतली रचना मुकी आहे असं नाही. तुकड्यांचा क्रम अर्थ ठरवतो, आणि ही मला या भाषेतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. ‘-नेरर-’ म्हणजे ‘असं म्हणणे’. तो इच्छेला जोडा: कफ्फिसोरुसुन्नेररपोक़, ‘मला कॉफी हवीशी आहे असं तो म्हणाला’. आता यात नकार घालायचा आहे. तो ‘म्हणणे’च्या नंतर घातला तर कफ्फिसोरुसुन्नेरङ्ङिलक़, म्हणजे ‘कॉफी हवी असं तो म्हणाला नाही’. कदाचित हवी असेलही, बोलला नाही इतकंच. तोच नकार ‘म्हणणे’च्या आधी घातला तर कफ्फिसोरुसुङ्ङिन्नेररपोक़, म्हणजे ‘कॉफी नको म्हणाला’. तुकडे तेच, जागा बदलली आणि माणूस गप्प राहिला की नकार देऊन गेला हे बदललं. नियम सरळ आहे: प्रत्येक नवा प्रत्यय आपल्या डावीकडच्या सगळ्या मजकुराला कवेत घेतो. कांद्यासारखं, आतून बाहेर. म्हणून असा शब्द वाचताना मी आधी शेवट बघते, म्हणजे कोण बोलतंय किंवा करतंय ते कळतं. मग सुरुवातीचा धातू किंवा नाम. मग डावीकडून एकेक थर चढवत जाते. मधूनच सुरुवात करणारा हमखास फसतो.

मराठी माणसाला हे वाटतं तितकं परकं नाही. ‘मला ते बघवेना’ म्हणताना आपण काय करतो? बघ, मग ‘-व-’ म्हणजे जमणे, सोसणे, मग काळाचा ए, मग नकाराचा ना. ‘बघण्याचं धैर्य झालं नाही’ हे एवढ्याशा शब्दात आलं. हा ‘-व-’ सुटा कधीच येत नाही, आणि खाववेना, बोलवेना, चालवेना असा हव्या त्या धातूला लागतो. ‘बघवेनासं झालं’ म्हटलं की आणखी एक थर चढला. मराठीत अशा वजनदार प्रत्ययांची संख्या बोटांवर मोजण्याजोगी आहे आणि नाम तर क्रियापदाच्या आत शिरतच नाही. पण ‘बघवेना’ कानाला कसं लागतं ते आठवा, आणि तशा शेकडो सोयी हाताशी असलेला बोलणारा डोळ्यांपुढे आणा.

सगळंच आत जातं, हा मात्र गैरसमज. ‘अम्मस्सक’ ही आपल्या तारलीसारखी लहान मासळी. तिला ‘खाणे’चा तोच प्रत्यय (इथे क विरघळून ‘-त्तोर-’) लागला की अम्मस्सत्तोर्पुङा, ‘मी अम्मस्सक खाल्ली’. आता ‘दोन खाल्ल्या’ म्हणायचं असेल तर? ‘दोन’ आत जाऊ शकत नाही. तो बाहेर सुटा राहतो: ‘मार्लुन्निक अम्मस्सत्तोर्पुङा’. मासळी शब्दाच्या पोटात आणि तिची संख्या दाराबाहेर उभी. तिची विभक्तीही पाहण्यासारखी आहे, ‘-निक’ हा साधारण ‘-ने’च्या घरातला प्रत्यय, अनेकवचनी. बाहेरचं अनेकवचन आतल्या मासळीशी जुळतं. भाषाविज्ञानात यावर पुष्कळ खल झाला, कारण शब्दाच्या आतल्या तुकड्याला बाहेरचं विशेषण लागायला नको, असा पक्का समज होता. कलाल्लिसुतने तो समज मोडला. शिवाय ‘त्या अमुक मासळ्या मी खाल्ल्या’ असं ठरावीक मासळ्यांबद्दल बोलायचं असेल तर नाम आत घेतच नाहीत. ‘नेरि-’ हा सुटा धातू वापरायचा आणि मासळीला स्वतंत्र उभं करायचं. म्हणजे नाम आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, ही बोलणाऱ्याची अर्थपूर्ण निवड असते.

आता पाठांतराचं. तुम्ही आज सकाळपासून बोललेली मराठी वाक्यं पाठ केली होती का? कफ्फिसोरुसुन्नेरङ्ङिलक़ हा शब्दही तसाच बोलता बोलता जुळवला जातो, आणि ऐकणाऱ्याने तो आधी कधीच ऐकलेला नसला तरी त्याला क्षणात कळतो. लक्षात ठेवायचे असतात ते धातू, नामं, प्रत्यय आणि त्यांचे सांधे. ग्रीनलंडमधली मुलं दोन-अडीच वर्षांच्या वयात हे प्रत्यय स्वतःहून नव्या धातूंना जोडायला लागतात. रोजच्या बोलण्यात प्रत्येक शब्द इतका लांबही नसतो. दोन-तीन प्रत्ययांचे शब्द भरपूर, आणि पुस्तकांत मिरवले जाणारे दहा-बारा तुकड्यांचे शब्द बरोबर असले तरी रोज कुणाच्या तोंडी नसतात.

काही जुळण्या मात्र गोठून गेल्या आहेत आणि त्या खरोखर पाठ असतात. ‘तिम्मिसर्तोक़’ म्हणजे विमान. फोडलं तर ‘जो उडत असतो तो’, पण विमानात बसताना हे कुणाच्या मनात येत नाही. ‘क़रसासिअक़’, संगणक, म्हणजे ‘बनावट मेंदू’. ‘चांगलं आहे’साठी रोजचा शब्द ‘अजुङ्ङिलक़’, शब्दशः ‘वाईट नाही’, पण त्यात आपल्या ‘वाईट नाही’तली कुचराई अजिबात नाही, ते मनापासून चांगलं आहे. या गोठलेल्या शब्दांमुळेच नवशिक्याची फसगत होते. तो प्रत्येक शब्द कापून अर्थ लावायला जातो आणि जिथे कापायचं नाही तिथेही कापतो. शब्दकोशात अख्खा शब्द सापडला तर तो आधी अख्खाच वाचावा, हा माझा साधा नियम.

शब्दकोशावरून आठवलं, ‘एस्किमोंकडे बर्फासाठी शंभर शब्द’ ही दंतकथा इथेच कोलमडते. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली चार वेगवेगळी मुळं दाखवली होती, जमिनीवरचा बर्फ, पडता बर्फ, वाऱ्याने वाहणारा बर्फ आणि साचलेला ढीग, यांसाठी. पुढे हा आकडा सांगोवांगी फुगत गेला. पण जिथे एका मुळापासून हवे तितके शब्द जागच्या जागी घडतात, तिथे बर्फाचे शब्द मोजणं आणि मराठीत पावसावरची वाक्यं मोजणं सारखंच. मुळं मोजता येतात, शब्द नाही.

हीच अडचण संगणकात स्पेलिंग तपासताना येते. इंग्रजीसाठी शब्दांची मोठी यादी केली तरी बरंच काम भागतं. कलाल्लिसुतमध्ये यादी कितीही मोठी केली तरी माणसाने आत्ता लिहिलेला पूर्ण बरोबर शब्द तिच्यात नसण्याची शक्यता दाट, आणि मग पानभर लाल रेघा. म्हणून नूकमधल्या भाषा सचिवालयाने वेगळी वाट धरली: मुळं आणि प्रत्ययांची यादी, कुणामागे कोण येऊ शकतं याचे नियम, आणि सांध्यांचे नियम. शब्द आला की यंत्र तो सोडवून बघतं, सुटला तर बरोबर. ‘रुसुङ्ङि’मधून गळलेला क परत आणून दाखवणं हे त्यातलं किचकट काम. या संस्थेचं नावच तुम्हाला आता फोडता येईल: ओक़ासिलेरिफ्फिक. ‘ओक़ास-’ शब्द, भाषा, ‘-लेरि-’ त्याचं काम करत असणे, ‘-फ्फिक’ ठिकाण.

एक सावधगिरी. कलाल्लिसुतवरून सगळ्या बहुसंश्लेषी भाषांचा अंदाज बांधू नका. कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवरची मोहॉक भाषा याच वर्गात मोडते, पण तिचा कारखाना वेगळा आहे. तिथे ‘मी पलंग विकत घेतला’ म्हणताना ‘नक्त’ (पलंग) हे नाम ‘ह्निनु’ (विकत घेणे) या स्वतंत्र धातूच्या आत बसतं, आणि ‘मी’ची खूण शेवटी न येता धातूच्या आधी येते. तोच ‘ह्निनु’ नामाशिवायही वापरता येतो आणि पलंग बाहेर ठेवता येतो. म्हणजे तिथे दोन मुळं एकत्र नांदतात. कलाल्लिसुतमध्ये एका शब्दात मूळ एकच, बाकी सगळं प्रत्ययांचं. १८१९ साली भाषाभ्यासक पीटर द्यू पाँसो यांनी अमेरिकेतल्या मूळ भाषांना ‘पॉलिसिंथेटिक’ हे नाव दिलं तेव्हा हे सगळं एकाच टोपलीत गेलं, आणि नेमकी व्याख्या काय यावर आजही अभ्यासकांचं एकमत नाही. नामाला क्रियापदाच्या पोटात घेणारी भाषा भारतातच ऐकायची असेल, तर ओडिशा आणि आंध्रच्या सीमेवरची सोरा आहे, मुंडा कुळातली. मेळघाटातली कोरकू तिची दूरची नातलग. सोरामध्ये आत जाणाऱ्या नामाचं रूप आखूड होतं, बाहेर त्याला एक रूप आणि क्रियापदात शिरताना दुसरं, छोटं.